कुर्त्याचं चित्र पास करण्याआधी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

मी बचत गटांचं समन्वयाचं काम करते. आमच्या गटांपैकी एक गट शिवणकामाचा आहे. या गटाच्या एका लोखंडी पेटीत अकरा कुर्ते घडी घालून पडलेत. गेल्या दिवाळीचे. शिवण चांगली आहे, कापड महागाचं आहे, पण कुणी घेतले नाहीत. तुम्ही म्हणाल, शिवण चांगली मग काय बिघडलं? बिघडलं ते कापड कापायच्याही आधी. आमच्यापुढं एक सुंदर चित्र आलं, आम्ही सगळ्या जणी त्याच्यावर भाळलो आणि "हेच शिवू" म्हणून मोकळ्या झालो. चित्रातल्या बाईच्या अंगावर जो कुर्ता छान दिसत होता, तो आमच्या कापडात तसा होणारच नव्हता. चित्रात ते दिसत होतं. आम्हाला ते बघता आलं नाही, एवढंच.

यंदा पुन्हा चित्र आलं. गटातल्याच एका काकूंची मुलगी फॅशन डिझाइनचा डिप्लोमा करून आली आहे. तिनं सहा कुर्त्यांचं कलेक्शन काढून दिलं. एका लांब कागदावर सहा बायका उभ्या, प्रत्येकीच्या अंगावर वेगळा कुर्ता, खाली सलवार नाहीतर पँट, कडेला रंगांचे सहा चौकोन. गटानं अंतर्गत कर्जातून चाळीस हजार रुपये काढायचे ठरवले होते. म्हणजे या वेळी नुसतं "छान आहे" म्हणून भागणार नव्हतं. मग आम्ही त्या कागदाला तीन प्रश्न विचारले. आकार खरंच वेगवेगळे आहेत का? रंग एकमेकांशी काही बोलतात का? आणि चित्रात काढलंय ते कापड आपल्याकडचं आहे का? आज मी तुम्हाला हे तीन प्रश्न कसे विचारायचे ते सांगते. चित्रकलेची परीक्षा दिलेली नसली तरी चालतं. बटर पेपर, काळं स्केचपेन, मोबाइल आणि कागदाची एक पट्टी एवढं पुरतं.

आधी आकार. याला फॅशनवाले सिल्हूट म्हणतात. म्हणजे माणूस उजेडाच्या पुढं उभा राहिला की जी काळी सावली दिसते, ती. गळा दिसत नाही, बटणं दिसत नाहीत, भरतकाम दिसत नाही. दिसते फक्त कडेची रेघ. दुकानात दांडीला लावलेला कुर्ता गिऱ्हाईक लांबून बघतं तेव्हा त्याला पहिल्यांदा हीच रेघ दिसते. म्हणून सहा कुर्ते वेगळे आहेत की नाहीत, हे गळ्यावरून ठरत नाही, या सावलीवरून ठरतं.

आम्ही काय केलं? चित्रावर बटर पेपर ठेवला. प्रत्येक कुर्त्याची फक्त बाहेरची रेघ ओढली, बाह्या आणि खालची सलवार धरून. मग आतला भाग काळ्या स्केचपेननं भरून टाकला. मूळ चित्र बाजूला केलं आणि बटर पेपर भिंतीला चिकटवून दहा पावलं मागं जाऊन बघितलं. सगळ्या गप्पच झाल्या. पहिल्या चार सावल्या जवळजवळ एकच होत्या. चित्रात एकीला स्टँड कॉलर होती, एकीला पुढं बटणपट्टी होती, एकीला खणाचा योक होता, एकीला छातीवर कशिदा होता. काळं केल्यावर चारही सरळ कुर्ते, गुडघ्यापर्यंत, बाह्या पाऊणभर. चौथा चार बोटं लांब, तेवढाच फरक. पाचवा ए-लाइन होता, खाली पसरत जाणारा. सहावा कळीदार. म्हणजे सहा कुर्त्यांच्या कलेक्शनमध्ये आकार होते तीनच.

आता यावर गटात दोन मतं पडली. एक वहिनी म्हणाल्या, "सरळ कुर्ता खपतो, मग चार सरळ असले तर बिघडलं काय?" बरोबर आहे त्यांचं. सरळ कुर्ता शाळेतल्या बाई घेतात, अंगणवाडी ताई घेतात, बँकेत जाणाऱ्या घेतात. पण ज्या बाईला सरळ कुर्ता पोटावर बसत नाही, तिला या कागदावर चार वेळा "तुझ्यासाठी नाही" असंच सांगितलं होतं. आणि ज्या बाईनं एक सरळ कुर्ता घेतला, ती दुसरा कशाला घेईल? आकार बदलला तर गिऱ्हाईक बदलतं, असा याचा हिशोब आहे.

उलट बाजूही सांगते. सहाच्या सहा आकार अगदी निराळे असले तरी ते चांगलं नव्हे. एक म्हणजे सहा दुकानांतून एकेक उचलून आणल्यासारखं दिसतं. दुसरं म्हणजे कटिंग. प्रत्येक नवीन आकाराला नवीन कागदी पॅटर्न लागतो आणि प्रत्येक पॅटर्न पाच मापांत. सहा आकार म्हणजे तीस पॅटर्न. आमच्याकडं कटिंग करणाऱ्या काकू एकच. म्हणून आम्ही ठरवलं की सरळ कुर्त्याचा जो पक्का पॅटर्न आमच्याकडं आहे, त्यातूनच जेवढे आकार निघतील तेवढे काढायचे.

मग ते असे निघाले. पहिला होता तसा ठेवला, सरळ, गुडघ्यापर्यंत. दुसरा आखूड केला, मांडीच्या मध्यावर येणारा शर्टासारखा कुर्ता, खाली घेरदार पँट. तिसऱ्याला छातीखाली आडवी जोड दिली आणि खालच्या भागात जास्तीची रुंदी घालून चुण्या घेतल्या. वरचा पॅटर्न तोच, सावली पार वेगळी, आणि पोटावर सैल. चौथा खाली पोटरीपर्यंत नेला आणि बाजूचे कट कमरेच्या जरा खालपासून उघडे ठेवले, म्हणजे चालताना आणि स्कूटरवर बसताना अडत नाही. पाचवा ए-लाइन आणि सहावा कळीदार राहिले. पुन्हा काळ्या सावल्या काढल्या, तेव्हा सहाच्या सहा दहा पावलांवरून ओळखू आल्या. आणि एका घरचे वाटावेत म्हणून सगळ्यांना एक गोष्ट समान ठेवली, बाहीच्या टोकाला खणाची दोन बोटांची पट्टी.

इथं एक फसगत होते, ती सांगून ठेवते. फॅशनच्या चित्रातली बाई खरी बाई नसते. आपली उंची डोक्याच्या मापात मोजली तर साधारण सात ते साडेसात डोकी भरते. चित्रातली बाई नऊ डोक्यांची, कधी दहाची काढतात, आणि वाढवलेली सगळी उंची बहुतेक पायात असते. त्यात चूक काही नाही, ती चित्राची रीतच आहे. कागदाची पट्टी घ्या, तिच्यावर चित्रातल्या बाईच्या डोक्याची उंची खूण करा, आणि वरून खालपर्यंत मोजा. नऊ भरली की समजायचं, कुर्त्याची लांबी या चित्रावरून इंचात काढायची नाही. लांबी काढायची ती खुणेवरून. कुर्ता गुडघ्याच्या वर संपतो, गुडघ्यावर संपतो की पोटरीच्या मध्यावर? मग आपल्या गटातली एखादी बाई उभी करायची आणि तिच्या खांद्यापासून त्या खुणेपर्यंत टेप लावायचा. आमच्याकडं पाच फूट दोन इंच उंचीच्या ताई उभ्या केल्या. चित्रात ऐटीत दिसणारा पोटरीपर्यंतचा कुर्ता त्यांना सेहेचाळीस इंचांचा लागला. तेवढं कापड धरलं होतं का, हे तिथंच तपासलं.

आता रंग. मुलीनं कागदाच्या वर लिहिलं होतं, "कास पठार". साताऱ्यापासून जवळच आहे, २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथं फुलं असतात. तिनं सहा रंग घेतले होते. सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा, तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचा पांढरा, गवताचा हिरवा आणि खालच्या जांभ्या दगडाचा तांबूस तपकिरी. निवड फारच चांगली होती. आपल्याकडच्या बायकांना हे रंग तोंडपाठ आहेत. पण तिनं काय केलं होतं, सहा कुर्त्यांना सहा रंग वाटून दिले होते. एकेक कुर्ता छान. सगळे एकत्र बघितले की जत्रेतल्या फुग्यांसारखे.

कलर स्टोरी म्हणजे रंगांची गोष्ट, आणि गोष्टीत एक मुख्य पात्र असावं लागतं. आमच्यातल्या एक काकू कासला जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिथं सगळे रंग सारखे दिसत नाहीत. एखाद्या आठवड्यात नजर जाईल तिथवर जांभळंच असतं, मधे मधे पांढरे ठिपके, आणि पिवळं कुठंतरी काठाला." हेच तर हवं होतं. कासची गोष्ट नुसत्या रंगांत नाही, कुठला रंग किती, यात आहे.

हे तपासायचं कसं? चित्रातल्या प्रत्येक रंगानं किती जागा घेतली ते बघायचं. आम्ही एका कागदावर बारा घरांची पट्टी आखली आणि अंदाजानं भरली. मुलीच्या चित्रात प्रत्येक रंगाला दोन दोन घरं आली. सगळे सारखे, म्हणजे मुख्य कोणीच नाही. नवीन पट्टी आम्ही सगळ्यांनी मिळून भरली. जांभळ्याला सहा घरं, गेंदाच्या पांढऱ्याला तीन, तपकिरीला दोन, आणि गुलाबी-पिवळं मिळून एक. हिरवा काढून टाकला. त्याचा अर्थ असा झाला की तीन कुर्ते जांभळ्याच्या छटांत, दोन पांढरट, एक तपकिरी. सगळ्या पँट आणि सलवारी पांढऱ्या नाहीतर तपकिरी, म्हणजे कुठलीही कुठल्याही कुर्त्याखाली चालते. पिवळा आणि गुलाबी फक्त पायपिंगला, बटणांना आणि खणाच्या पट्टीत. धागे, अस्तर, पायपिंग यांचे रंगही सहावरून तीनवर आले. रंगांची गोष्ट नीट बसली की सामानाची यादीही आपोआप आखूड होते.

दुसरी परीक्षा मोबाइलवरची. चित्राचा फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेले की फक्त गडद आणि फिकट उरतं. मूळ चित्रातल्या पहिल्या कुर्त्याला जांभळ्या कापडावर हिरव्या खणाचा योक होता. रंगीत चित्रात झक्क दिसत होता. काळ्यापांढऱ्या फोटोत योक गायबच झाला, कारण तो जांभळा आणि तो हिरवा सारखेच गडद होते. म्हणजे संध्याकाळी स्टॉलवर पिवळ्या बल्बखाली, लांबून, तो योक कुणाला दिसणार नव्हता. आणि खणाचे पैसे तर योकातच होते. तिथं फिकट गुलाबी-पिवळा खण घेतला, पुन्हा फोटो काढला, योक ठळक दिसला.

तिसरी गोष्ट, रंगवलेला रंग आणि कापडाचा रंग एक नसतो. पाण्याच्या रंगातून कागदाचा पांढरेपणा खालून डोकावतो, म्हणून चित्रात रंग उजळ दिसतो. तोच जांभळा सुती कापडावर जड आणि काळपट दिसू शकतो. म्हणून कापडाचे दोन-दोन इंचांचे तुकडे दुकानातून आणा, चित्रावर त्या त्या कुर्त्याशेजारी टाचणीनं लावा आणि अंगणात उजेडात बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. आम्ही विट्याच्या यंत्रमागावरचं सुती कापड घेणार होतो. आणलेल्या तीन जांभळ्यांपैकी दोन चित्राशेजारी ठेवल्यावर लगेच बाद झाले. खणाचं तर आणखी वेगळं. खणात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून तो हलवला की रंग बदलल्यासारखा दिसतो. चित्रात खण एकाच सपाट रंगानं भरला असेल, तर समजायचं की चित्र काढणाऱ्यानं खण हातात घेऊन बघितलेला नाही.

आता मी येते त्या अकरा कुर्त्यांकडं. ती चूक तिसऱ्या प्रश्नाची होती, कापडाच्या चित्राची.

चित्रात कापड कसं ओळखायचं? चुण्यांवरून आणि कडेवरून. मलमल, जॉर्जेट यांसारखं पातळ कापड काढलं असेल तर चुण्या बारीक, लांब, पुष्कळ आणि मऊ वळणाच्या असतात. कापड अंगाला धरून खाली उतरतं. खण, जाड सुती, खादी असं ताठ कापड असेल तर चुण्या थोड्या, मोठ्या आणि कोनदार येतात. कोपरापाशी, कमरेपाशी कापड मोडल्यासारखं दिसतं आणि खालची कड अंगापासून लांब उभी राहते. चकाकीही बघा. रेशमावर उजेडाची रेघ अरुंद आणि धारदार असते, शेजारीच एकदम गडद. सुतीवर उजेड पसरट आणि मंद. हे खरं बघायचं असेल तर साताऱ्यातल्या औंधला जा. तिथलं श्री भवानी संग्रहालय १९३८ साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी उभं केलं, ते स्वतःही चित्रकार होते. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं तिथं आहेत. चित्रातल्या बायकांचे चेहरे सोडून नुसत्या साड्या बघा. हात न लावता कुठलं वस्त्र जड आणि कुठलं हलकं ते सांगता येतं. आमच्या गटानं एक दिवस तोच खेळ केला.

गेल्या वर्षीच्या चित्रात एक ए-लाइन कुर्ता होता. खाली घेर पसरलेला, आणि घेराच्या कडेनं खणाचा काठ, एका गोल वळणात, कुठंही सुरकुती नाही. शिवायला घेतला आणि काठ बसेना. काठ विणलेला असतो सरळ. ए-लाइन कुर्त्याची खालची कड मात्र गोलाईत कापावी लागते, नाहीतर बाजूची टोकं खाली लोंबतात. सरळ पट्टी गोल कडेवर बसवली की ती एका बाजूला फुगते किंवा दुसरीकडं ओढते. आमच्या मुलींनी इस्त्री केली, बारीक टक घातले, उसवून पुन्हा लावला. शेवटी काठ लाटांसारखा उठलेला राहिला. गिऱ्हाईक हातात घ्यायचं, कडेकडं बघायचं आणि ठेवून द्यायचं.

हे चित्रात आधी कसं कळलं असतं? आता नीट ऐका, कारण इथं घोळ होतो. सरळ कुर्त्याची खालची कडही चित्रात जराशी गोल दिसते, कारण ती अंगाभोवती फिरते. म्हणून कड गोल दिसली म्हणजे चूक, असं नाही. बघायचं बाजूच्या शिवणींकडं. दोन्ही बाजूच्या शिवणी काखेपासून खाली एकमेकींना समांतर उतरत असतील, तर कुर्ता सरळ कापाचा आहे, खाली काठ बसेल. शिवणी खाली जाताना एकमेकींपासून लांब जात असतील, तर कड गोलच कापावी लागणार, आणि तिथं काढलेला सपाट काठ खोटा आहे. खात्री करायची असेल तर कागदाची एक सरळ पट्टी घ्या आणि ताटाच्या कडेवर सपाट चिकटवून बघा. ती जिथं उठते तिथंच तुमचा काठ उठणार.

आणि काठ खाली हवाच असेल तर पन्हाही बघावा लागतो. काठ असतो कापडाच्या लांबीच्या कडेला. तो कुर्त्याच्या तळाशी आणायचा तर कापड आडवं घ्यावं लागतं, म्हणजे कापडाचा पन्हा ही कुर्त्याची लांबी झाली. चव्वेचाळीस इंच पन्ह्यात बेचाळीसपर्यंतचा कुर्ता निघेल. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या हातमागाचा खण पूर्वीपासून चोळीसाठी विणतात, त्याचा पन्हा अरुंद. त्यात पूर्ण कुर्ता निघतच नाही. तो योकाला, बाहीला, पट्टीलाच वापरायचा. यंदाच्या चित्रातही पाचव्या कुर्त्याला तोच गोल काठ होता. आम्ही तो तळावरून काढला आणि पुढच्या मध्यावर उभा लावला, गळ्यापासून खालपर्यंत. तिथं रेघ सरळ, काठही सरळ.

उरला सहावा, कळीदार. त्याचा घेर बघून सगळ्यांना मोह झाला होता. मुलीनं त्याला अडीच मीटर कापड लिहिलं होतं. आम्ही चित्रावर पट्टी लावली. खालच्या कडेची रुंदी खांद्याच्या तिप्पट भरली. खऱ्या बाईचा खांदा साडेचौदा इंच धरला तर समोरून घेर साडेत्रेचाळीस इंच, मागचा धरून सत्त्याऐंशी. आणि हा झाला चुण्यांशिवायचा. चित्रात तर भरपूर चुण्या काढलेल्या, म्हणजे त्या घड्यांत लपलेलं कापड वेगळं. घेर कमीत कमी एकशेवीस इंच हवा. बारा कळ्या, प्रत्येकीचा तळ दहा इंच. कटिंगच्या काकूंनी वर्तमानपत्राच्या कळ्या कापून चव्वेचाळीस इंच पन्ह्यात उलटसुलट मांडल्या. एका ओळीत पाच बसल्या, म्हणजे बारा कळ्यांना तीन ओळी. त्यात छातीचा भाग आणि बाह्या धरून साडेतीन मीटर झालं. अडीच नव्हे. आणि कापडावरची नक्षी एकाच दिशेनं वर जाणारी असेल तर कळ्या उलट्या ठेवता येत नाहीत, मग आणखी जास्त. एकशेऐंशी रुपये मीटरचं कापड, आठ कुर्ते, म्हणजे चौदाशे चाळीस रुपयांचा फरक एकट्या चित्रातल्या घेरात लपला होता. शिवाय काढलेल्या चुण्या बारीक आणि मऊ होत्या, म्हणजे हे ताठ सुती कापडात होणारं नव्हतं. तो कुर्ता पातळ मऊ सुतीत करायचा ठरलं, आठच्या ऐवजी चार.

छापील नक्षीबद्दल एकच सांगते. चित्रात फुलं चुणीबरोबर वळतात का, घडीत अर्धी लपतात का, हे बघा. सपाट कागद चिकटवल्यासारखी सगळी फुलं पूर्ण दिसत असतील, तर नक्षीचा आकार विचारात घेतलेला नाही. चित्रातलं फूल चेहऱ्याएवढं असेल तर खऱ्या कापडावर ते हाताच्या पंजाएवढं येईल. तेवढं मोठं फूल कळीच्या अरुंद टोकाला कापलं जाणार.

हे सगळं ऐकताना ती मुलगी पहिल्यांदा हिरमुसली. रात्री जागून काढलेलं चित्र, आणि आम्ही त्याच्यावर काळं स्केचपेन चालवतोय. पण मूळ कागदाला आम्ही हात लावला नव्हता, सगळं बटर पेपरवर. आणि "आवडलं नाही" असं कुणी म्हटलं नाही. चार सावल्या एकच आहेत, योक फोटोत दिसत नाही, काठ गोलाईत बसणार नाही, असं दाखवून दिलं. दाखवून दिलेलं तिला पटलं. दोन दिवसांनी तिनं नवीन कागद आणला आणि न सांगता प्रत्येक कुर्त्याची मागची बाजू आणि सपाट आकृतीही काढून आणली, शिवणी आणि मापांसकट. मागची बाजू आम्ही मागायचीच विसरलो होतो. पाठीवर चेन आहे की नाड्या, हे पुढच्या चित्रात कसं दिसणार?

चित्र काय सांगत नाही, तेही ध्यानात ठेवा. मुंढा काखेत टोचेल का, कापड धुतल्यावर किती आटेल, हात वर केल्यावर कुर्ता वर चढेल का, हे कितीही चांगल्या चित्रात कळत नाही. त्याला नमुन्याचा एक कुर्ता शिवून, धुऊन, अंगावर घालूनच बघावं लागतं. आम्ही चाळीस हजारांतले आधी फक्त सहा कुर्त्यांचे पैसे काढले. पाच नमुने बरोबर उतरले. चुण्यांच्या कुर्त्याची छातीखालची जोड एक इंच खाली घ्यावी लागली. बाकीचं कापड त्यानंतर आणलं.

आणि पेटीतल्या त्या अकरा कुर्त्यांचे गोल काठ आता उसवायला घेतलेत. खालची कड साधी दुमडायची आणि तोच काठ पुढच्या मध्यावर उभा लावायचा. तीन झालेत, आठ राहिलेत.

तुमच्या गटाकडं असं एखादं चित्र आलं असेल तर ते भिंतीला लावा, बटर पेपर घ्या, आणि आधी सावल्या मोजा. नमस्कार.